तक्रार पोलिसांत, अर्ज कोर्टात

नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन बाई पोलीस ठाण्यात गेली, की तिला बहुतेक वेळा एक ठरलेला प्रश्न विचारला जातो. ‘ताई, केस करायची की नुसती समज द्यायची?’ समज द्यायची म्हणजे नवऱ्याला बोलावून चार शब्द सुनवायचे आणि सोडून द्यायचं. केस करायची म्हणजे गुन्हा दाखल करायचा. या दोन टोकांच्या मध्ये तिसरी वाट आहे, आणि तिच्यासाठी पोलीस ठाण्यात यावंही लागत नाही. त्या बाकावर बसलेल्या बाईला हे क्वचितच कोणी सांगतं. म्हणून मग ‘त्याला तुरुंगात नाही टाकायचं हो मला, फक्त त्याने हात उचलायचा थांबला पाहिजे’ असं म्हणणारी बाई समज देण्यावर समाधान मानून परत जाते.

तिला जे हवं आहे, नेमकं तेच देणारा कायदा २००५ साली संसदेने केला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू झाला. त्याचं नाव कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम. कोर्टाच्या आवारात त्याला ‘डीव्हीची केस’ म्हणतात. त्याच्याआधी, १९८३ पासून, भारतीय दंड संहितेतलं कलम ४९८-अ होतंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ते कलम ८५ झालं; ‘क्रूरता’ म्हणजे काय, हे कलम ८६ मध्ये सांगितलं आहे. लोकांच्या तोंडी मात्र अजून ‘चारशे अठ्ठ्याण्णव’च आहे.

दोन्हींतला फरक कलमांच्या आकड्यांवरून कळत नाही. एक उदाहरण घेऊ आणि त्याच्या मागोमाग जाऊ.

समजा, पुण्यात धनकवडीला राहणारी एक बाई आहे. लग्नाला ९ वर्षं झाली, मुलगी ७ वर्षांची. नवरा चाकणला कंपनीत आहे, महिन्याला ४० हजार मिळवतो. फ्लॅट सासूच्या नावावर आहे आणि सासू त्यांच्यातच राहते. घरखर्चाला पैसे मागितले की शिव्या आणि महिन्या-दोन महिन्यांनी मारहाण, हे बरीच वर्षं चाललेलं. एका शनिवारी रात्री तो पिऊन आला, तिच्या डाव्या कानाखाली मारली, अंगावरच्या कपड्यांनिशी तिला बाहेर काढलं आणि दाराला आतून कडी घातली. मुलगी आतच राहिली. रविवारी तो कामावर गेल्यावर शेजारणीने मुलीला बाहेर आणून दिलं. आता मायलेकी हडपसरला भावाकडे आहेत, आणि सोमवार उजाडला आहे.

भाऊ म्हणतो, ‘सरळ केस टाक. दोन दिवस आत बसला की सुतासारखा सरळ होईल.’

भावाची वाट धरली तर काय होतं ते आधी पाहू. ठाणे अंमलदार तिचं म्हणणं ऐकतो. एका मारहाणीपुरतंच ते धरलं, तर ती साधी दुखापत ठरते आणि साधी दुखापत अदखलपात्र आहे. म्हणजे वहीत नोंद होते, तिला ‘एन.सी.’ची एक प्रत मिळते आणि मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलीस पुढे तपास करू शकत नाहीत. पुष्कळ बायकांना वाटतं आपली केस झाली. ती झालेली नसते. तरी ती प्रत जपून ठेवावी, पुढे पुरावा म्हणून तिचा मोठा उपयोग होतो. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन कान तपासून घेणं आणि कोणी मारलं ते केसपेपरवर लिहून घेणं त्याहून मोलाचं. एका कानाचं ऐकणं कायमचं गेलं, तर कायद्याने ती गंभीर दुखापत होते आणि मग सगळं प्रकरणच बदलतं.

कलम ८५ लावायचं तर ‘क्रूरता’ दाखवावी लागते, आणि तिथे कायद्याचा उंबरठा उंच आहे. एक तर बाई आत्महत्येला प्रवृत्त होईल किंवा तिच्या जिवाला, शरीराला, मनाच्या आरोग्याला गंभीर इजा पोहोचेल असं जाणूनबुजून केलेलं वर्तन हवं. नाहीतर पैशासाठी, मालमत्तेच्या बेकायदा मागणीसाठी केलेला छळ हवा. खर्चाला पैसे न देणं, माहेरी फोन करू न देणं, चारचौघांत पाणउतारा करणं यांनी आयुष्य नकोसं होतं, पण एवढ्यावर फौजदारी खटला टिकवणं अवघड जातं. आपल्या उदाहरणातल्या बाईकडे वर्षांचा मार आहे, तेव्हा गुन्हा नोंदवून घेण्याइतका मजकूर तिच्याकडे आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड. घटनेपासून तीन वर्षांच्या आत कारवाई सुरू व्हावी लागते, हेही लक्षात ठेवायला हवं.

आता भावाच्या ‘दोन दिवस आत’चं काय? सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत आपोआप अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची आणि अटक का गरजेची आहे ते लेखी नोंदवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ४९८-अ च्याच एका प्रकरणात बजावलं. त्याआधी ऊठसूट नवऱ्याच्या म्हाताऱ्या आईबापांना उचलून आणत, त्याला आळा बसावा म्हणून तो निकाल आला. त्यामुळे आज घडतं ते असं: गुन्हा दाखल होतो, नवऱ्याला नोटीस मिळते, तो ठाण्यात जाऊन जबाब देतो आणि संध्याकाळी घरी जातो. कुठल्या घरी? धनकवडीच्या, ज्याच्या दाराला त्याने आतून कडी घातली होती त्याच.

एफआयआर हा झालेल्या गुन्ह्याबद्दलचा कागद आहे. शनिवारी काय झालं ते त्यात असतं. येत्या शनिवारी त्याने काय करू नये, याबद्दल त्यात एक ओळ नसते. बाईने घरी कसं परतायचं, मुलीच्या शाळेची फी कोण भरणार, दागिने कपाटात आहेत त्यांचं काय, यांतल्या कशालाही एफआयआर हात लावत नाही. जामीन देताना कोर्ट ‘फिर्यादीला धमकावू नये’ अशी अट घालू शकतं, पण ती अट खटला सुरळीत चालावा म्हणून असते. तिचा संसार नीट चालावा हा तिचा हेतू नसतो.

दुसरी गोष्ट बायकांना फार उशिरा कळते. गुन्हा दाखल झाला की तो खटला तिचा राहत नाही, सरकारचा होतो. कागदावर ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ असं लिहिलेलं असतं, वकील सरकारी असतो आणि ती त्यात फिर्यादी, म्हणजे मुख्य साक्षीदार असते. सहा महिन्यांनी समेट झाला आणि तिला वाटलं की केस मागे घ्यावी, तरी ते तिच्या हातात नसतं. महाराष्ट्रात हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. दोघांनी मिळून उच्च न्यायालयात जाऊन तो रद्द करून घ्यावा लागतो. उलट बाजूने, तपास रेंगाळला, दोषारोपपत्र वर्षभर आलं नाही, तरी ती फक्त चौकशी करू शकते. तिने पेटवलेलं इंजिन असतं, पण रूळ दुसऱ्याने टाकलेले.

आता दुसरी वाट.

या कायद्याखाली तालुक्या-तालुक्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. महाराष्ट्रात ते महिला व बालविकास खात्याकडून असतात. बाई त्यांच्याकडे गेली की ते ‘कौटुंबिक घटना अहवाल’ भरून घेतात. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक असे हिंसेचे चार रकाने असतात. कलम ८५ मध्ये न बसणारी घरखर्चाची आडवणूक इथे सरळ चौथ्या रकान्यात बसते. मग कलम १२ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. संरक्षण अधिकारी भेटत नसतील तर वकिलामार्फत किंवा स्वतः थेट कोर्टात अर्ज करता येतो. अहवाल नसला तरी कोर्टाला आदेश देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी बाईला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अर्ज हडपसरच्या हद्दीतल्या कोर्टातही चालतो, कारण ती सध्या तिथे राहते आहे.

ही वाट फक्त बायकोसाठी नाही. मुलगा मारतो म्हणून आई, भाऊ घराबाहेर काढतो म्हणून बहीण, दीर-जावेने हाकललेली विधवा, लग्नासारख्या नात्यात राहिलेली बाई, यांतली कोणीही अर्ज करू शकते. कलम ८५ मात्र बायकोसाठी, नवरा आणि त्याच्या नातेवाइकांविरुद्धच.

कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत द्यावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. खरं सांगायचं तर अंतिम निकालाला कित्येकदा वर्षं लागतात. समन्स बजावायला माणूस गेला की नवरा सापडत नाही, तारखा पडतात, जबाब येत नाही. म्हणून या कायद्याचं खरं बळ कलम २३ मध्ये आहे. निकालाची वाट न पाहता कोर्ट अंतरिम आदेश देऊ शकतं, आणि परिस्थिती तशी असेल तर बाईच्या प्रतिज्ञापत्रावरून, नवऱ्याचं ऐकण्याआधी एकतर्फी आदेशही. अर्जासोबत अंतरिम अर्ज आणि ते प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी दिलं नाही, तर हातातलं हत्यार म्यानातच राहतं. हे इतक्या वेळा होताना दिसतं की जीव तुटतो.

इथे पुराव्याची फूटपट्टीही वेगळी आहे. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. डीव्हीचा अर्ज चालतो मॅजिस्ट्रेटपुढे, पण त्याचं रूप दिवाणी आहे. कोणाचं म्हणणं अधिक संभवनीय वाटतं, हे पाहिलं जातं. चार भिंतींत साक्षीदार नसतो, तेव्हा हा फरक निर्णायक ठरतो.

आपल्या बाईला काय मागता येईल? संरक्षण आदेश कलम १८ खाली, घरात राहण्याचा आदेश १९ खाली, खर्च २० खाली, मुलीचा ताबा २१ खाली, झाल्या त्रासाची भरपाई २२ खाली. घराबद्दल सासू म्हणणार, ‘फ्लॅट माझ्या नावावर आहे, मुलाचा काय संबंध?’ एके काळी हा युक्तिवाद चालायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: बाई जिथे नात्याने नांदली ते सामायिक घर, मालकी सासूसासऱ्यांची असली तरी. पण हा हक्क मालकीचा नाही, राहण्याचा आहे, आणि म्हाताऱ्या माणसांच्या शांतपणे राहण्याचाही विचार कोर्टाला करावा लागतो. आणखी एक मर्यादा कायद्यातच लिहिली आहे. नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगता येतं, पण तसा आदेश कुठल्याही बाईविरुद्ध देता येत नाही. सासूला घराबाहेर काढता येणार नाही. अशा वेळी त्याच घरातली एक खोली किंवा त्याच तोडीचं भाड्याचं घर नवऱ्याने घेऊन द्यावं, असा आदेश मागणं शहाणपणाचं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं त्या गोष्टीकडे येते. संरक्षण आदेशाची ताकद त्याच्या शब्दांत असते. पुष्कळ अर्जांत मागणी असते, ‘प्रतिवादीने अर्जदारास त्रास देऊ नये’, आणि कोर्टही तसाच आदेश देतं. मग एका रात्री तो सोसायटीच्या फाटकाशी येऊन आरडाओरडा करतो. ती पोलिसांना आदेश दाखवते. हवालदार वाचतो आणि म्हणतो, ‘मॅडम, तो रस्त्यावर उभा आहे, हात तर लावला नाही. याला त्रास म्हणायचं का?’ त्याचंही चुकत नाही. कागद त्याला उत्तर देत नाही.

आता हाच आदेश असा असता तर? प्रतिवादीने अर्जदार राहते त्या अमुक पत्त्याच्या इमारतीत व तिच्या फाटकापाशी येऊ नये. मुलीच्या अमुक शाळेत व शाळेच्या रस्त्यावर तिला भेटू नये. अर्जदाराला फोन, मेसेज किंवा तिसऱ्या माणसामार्फत संपर्क करू नये. दोघांच्या नावावरच्या अमुक बँकेतल्या लॉकरला कोर्टाच्या परवानगीशिवाय हात लावू नये. हे सगळं कलम १८ मध्ये मागता येतं. असा आदेश असला की हवालदाराला ‘त्रास’ कशाला म्हणतात ते ठरवावं लागत नाही. फाटकाचा फोटो आणि वेळ एवढ्यावर काम होतं. तेव्हा अर्ज लिहिताना बाईने वकिलासोबत बसून, तो कुठे येतो, कधी येतो, कोणाला फोन करतो, ते एकेक सांगायला हवं. ‘मानसिक व शारीरिक छळ’ या ठोकळ्याच्या शब्दांनी कुठलीच वाट चालत नाही.

फिर्यादीचंही तेच. भाऊ म्हणतात, ‘सगळ्यांची नावं घाल, नणंदेचं, तिच्या नवऱ्याचं, नगरच्या चुलत सासऱ्याचं.’ कोणी, कधी, काय केलं ते न सांगता सगळं कुटुंब गोवलं, की उच्च आणि सर्वोच्च न्यायालय अशा नातेवाइकांविरुद्धचे खटले रद्द करतात, आणि बाईच्या खऱ्या तक्रारीवरही संशयाची सावली पडते. आपल्या उदाहरणात नणंद वर्षातून दोनदा दिवाळी-राखीला येते. तिचं नाव घालायचं काही कारण नाही.

दोन्ही वाटा एकाच वेळी चालता येतात. एक धरली म्हणून दुसरी बंद होत नाही. २००५ चा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, असं त्यातच म्हटलं आहे. फक्त एक काळजी घ्यावी लागते. फिर्यादीत मारहाण शनिवारची आणि अर्जात रविवारची असं झालं, तर उलटतपासणीत वकील दोन्ही कागद तिच्यापुढे धरतो. त्यामुळे घटनांची तारीखवार यादी एकदाच, शांतपणे, स्वतःच्या अक्षरात करावी आणि दोन्हीकडे तीच वापरावी.

आधी कोणती वाट धरायची? हाड मोडलं असेल, गळा दाबला असेल, जाळण्याची धमकी असेल, हुंड्यासाठी छळ असेल, तर फिर्याद लांबवू नये. आपल्या उदाहरणातल्या बाईला मी दवाखाना आणि एन.सी. सोमवारीच करायला सांगेन, आणि त्याच आठवड्यात डीव्हीचा अर्ज अंतरिम अर्जासह द्यायला सांगेन. तिला आधी छप्पर हवं, मुलीची शाळा हवी आणि त्याला लांब ठेवायला हवा. या तीनपैकी एकही गोष्ट फिर्याद देत नाही. फिर्यादीचा निर्णय ती काही आठवडे विचार करून घेऊ शकते. नवऱ्याची नोकरी गेली तर पोटगी कुठून येणार, ही तिची भीतीही खरी आहे. अर्ज तिचा स्वतःचा असल्याने तो मागे घेता येतो, परिस्थिती बदलली तर आदेश बदलूनही मागता येतो.

या दुसऱ्या वाटेलाही खाचखळगे आहेतच. खर्चाचा आदेश झाला आणि त्याने पैसे भरले नाहीत, तर वसुलीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. कोर्ट त्याच्या कंपनीला पगारातून कापून थेट तिला द्यायला सांगू शकतं. चाकणच्या नोकरदाराबाबत ते जमतं. रिक्षा चालवणाऱ्याचा पगार कुठून कापणार? आणि पोटगी थकवली म्हणून पोलीस त्याला पकडतील असं समजू नये. आदेशभंगाची शिक्षा सांगणारं कलम ३१ संरक्षण आदेशाबद्दल बोलतं. म्हणून निवासाच्या आणि खर्चाच्या मागण्यांसोबत कलम १८ खालची मागणी स्वतंत्रपणे लिहिलेली असली पाहिजे.

त्या कलम ३१ वर दोन्ही वाटा येऊन मिळतात. संरक्षण आदेश किंवा अंतरिम संरक्षण आदेश मोडला, की तो गुन्हा. एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दखलपात्र आणि अजामीनपात्र. सिद्ध करण्यासाठी कोर्ट एकट्या बाईच्या साक्षीवरही विसंबू शकतं, असं कायदाच म्हणतो. फक्त ही तक्रार वर्षाच्या आत करायची. मूळ अर्जाला अशी मुदत नाही.

तेव्हा आदेश झाला की त्याची नक्कल मोफत मिळते. तशीच एक त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यालाही जायची असते. ती खरंच पोहोचली का, याची खात्री तिने स्वतः जाऊन करावी आणि आवक क्रमांक लिहून घ्यावा. एक प्रत शाळेच्या ऑफिसात, एक सोसायटीच्या वॉचमनकडे, एक पर्समध्ये, आणि फोटो मोबाइलमध्ये.

मग समजा, आणखी एका शनिवारी रात्री साडेदहाला तो फाटकाशी आला. ती ११२ ला फोन करते. गाडी येते. ती कागद पुढे करते आणि दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवते. या वेळी समज द्यायची की केस करायची हा प्रश्न कोणी विचारत नाही. कलम ३१ खाली गुन्हा दाखल होतो. आणि तो खटला मॅजिस्ट्रेटपुढे आला, की आरोप ठेवताना त्यांना त्याच वेळी ४९८-अ चाही आरोप ठेवता येतो, जर वस्तुस्थितीतून तो दिसत असेल. कित्येक महिन्यांपूर्वी सरकारी दवाखान्यात लिहून घेतलेला तो केसपेपर, डावा कान, शनिवार, मारणाऱ्याचं नाव, तेव्हा बाहेर काढायचा.